"आई, त्या काकूंचं तोंड वितळलंय का?"

छोटूची आई माझ्याकडे आली ती वेगळीच तक्रार घेऊन. "ताई, हा हल्ली खोटं बोलायला लागलाय." मुलाचं खरं नाव इथे देत नाही, छोटूच म्हणते. वय चार वर्षं दोन महिने. आमच्या कोथरूडच्या बालवाडीत लहान गटात. आदल्या रात्री अंघोळ घालताना आईला त्याच्या गुडघ्यावर चांगली रुपयाएवढी जखम दिसली. कडेने पू धरला होता आणि लांब पँटचा धागा खपलीत चिकटून बसला होता. पडून तीन दिवस तरी झाले असावेत. विचारलं तर म्हणाला, "पडलोच नाही." पुन्हा विचारलं तर गुडघा दोन्ही हातांनी झाकून रडायला लागला. एरवी मुंगी चावली तरी घरभर दाखवत फिरणारा हा मुलगा.

मला त्याच आठवड्यातली दुसरी एक गोष्ट आठवली. आमच्या मदतनीस मावशींच्या दोन्ही हातांवर पांढरे डाग आहेत, कोड. मुलांना ते रोजचेच. छोटूही वर्षभर त्यांच्याच हाताने डबा उघडून घ्यायचा. त्या आठवड्यात मात्र त्याने मावशींना डबा दिला नाही. दाताने झाकण उघडायचा प्रयत्न केला, आणि मी जवळ गेले तेव्हा विचारलं, "मावशींनी काय केलं होतं?" मला वाटलं, मावशी रागावल्या असतील. "कुठे काय केलं?" म्हणून मी विषय सोडून दिला. ती माझी चूक झाली. त्या प्रश्नातलं "केलं होतं" मी ऐकलंच नाही.

आईला एवढंच विचारलं, की गेल्या आठवड्याभरात बाहेर काही घडलं का, कुणाला बघून तो घाबरला का? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग मेट्रोतला प्रसंग सांगितला.

मायलेक नळ स्टॉपला मेट्रोत चढले होते, आजीला आणायला पुणे स्टेशनला निघाले होते. गरवारे कॉलेजला एक बाई चढल्या आणि बरोबर समोरच्या बाकावर बसल्या. मेट्रोत बाक समोरासमोर, मध्ये कुणी उभं नसलं तर एकमेकांच्या चेहऱ्याशिवाय बघायला दुसरं काही नसतं. बाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू आणि मान भाजलेली, जुना वण, ओठाचा कोपरा खाली ओढलेला. छोटूने काही क्षण पाहिलं आणि त्याच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "आई, त्या काकूंचं तोंड वितळलंय का?"

डब्यातले सगळे बघायला लागले. आईने आधी त्याचं तोंड दाबलं. तो हात सोडवून पुन्हा म्हणाला, "सांग ना, का वितळलंय?" मग तिने त्याच्या कानात, पण समोर ऐकू जाईल इतपत आवाजात, सांगितलं, "त्यांनी लहानपणी आईचं ऐकलं नाही, गॅसजवळ गेल्या, म्हणून बाप्पाने शिक्षा केली. तू ऐकलं नाहीस तर तुझंही असंच होईल. आता गप्प." डेक्कनला दार उघडताच ती त्याला दंडाला धरून उतरली आणि पुढच्या गाडीची वाट बघत फलाटावर उभी राहिली. जायचं होतं स्टेशनला. हे सांगताना तिचे डोळे भरून आले. ती दुष्ट नाही. त्या चाळीस-पन्नास सेकंदांत तिला एकच गोष्ट हवी होती, आवाज थांबायला हवा होता.

आवाज थांबला. पण चार वर्षांच्या मुलाने आईचं वाक्य शब्दशः घेतलं. दोन दिवसांनी तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडला. तिथे धावायचं नाही असं त्याला बजावलेलं होतं. म्हणजे ऐकलं नाही. म्हणजे आता शिक्षा सुरू झाली. गुडघ्यापासून सुरू झालेली ही गोष्ट चेहऱ्यापर्यंत पोचणार, अशी त्याची समजूत. म्हणून पँट खाली ओढून ठेवायची. आणि मावशींच्या हाताला डाग आहेत, तेव्हा त्यांनीही काहीतरी केलंच असणार.

या वयाचं डोकं असंच चालतं. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी १९३२ साली मुलांच्या नीतिविचारांवर जे काम प्रसिद्ध केलं, त्यात त्यांनी मुलांना एक गोष्ट सांगून प्रश्न विचारले होते. एक मुलगा सफरचंदं चोरून पळतो, वाटेत कुजका पूल मोडतो आणि तो पाण्यात पडतो. चोरी केली नसती तर पडला असता का? लहान मुलांचं उत्तर बहुधा "नसता पडला" असं. पुलाला जणू चोरी कळते. मोठी मुलं म्हणतात, पूल कुजका होता, कुणीही पडलं असतं. म्हणजे इजा ही शिक्षा आहे हे मूल स्वतःहूनच मानायच्या बेतात असतं. त्यात आईने बाप्पाची साक्ष काढली की शंकेला जागाच उरत नाही. आपल्याकडे मोठ्यांचीही यातून सुटका झालेली नाही. मासे आणि दूध एकत्र खाल्लं म्हणून कोड आलं, हे वाक्य मावशींनी आयुष्यभर ऐकलंय. कातडीला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात म्हणून डाग पडतात, खाण्याशी त्याचा संबंध नाही आणि हात लावल्याने ते कुणाला होत नाहीत. तरीही "काय केलं होतं" हा प्रश्न छोटूच्या आधी कित्येक मोठ्यांनी त्यांना विचारून झालाय.

त्या दिवशी छोटूच्या आईशी मी बराच वेळ बोलले, आणि त्यातला बहुतेक वेळ एकाच गोष्टीवर गेला. मुलाने नेमकं काय विचारलं होतं? तिला वाटत होतं, त्याने बाईंचा अपमान केला. मुलाने मात्र जे दिसलं त्याला जवळचा शब्द लावला होता. त्याने मेणबत्ती वितळताना पाहिलीय, कुल्फी वितळताना पाहिलीय. ताणलेली, चकाकती, सुरकुत्या नसलेली कातडी त्याला तशी वाटली. आणि "का"च्या पोटात आणखी तीन प्रश्न होते: दुखतंय का, मला होईल का, आणि ही बाई चांगली आहे ना? गोष्टीतली वाईट माणसं वण असलेली, एका डोळ्याची, लंगडी काढायची सवय आपल्या चित्रांना आहे, त्यामुळे शेवटचा प्रश्न वाटतो तितका लांबचा नाही.

मग तिने काय म्हणायला हवं होतं? मी तिला वाक्यं जुळवून दिली, कारण "नीट समजावून सांगा" असं म्हटल्याने ऐन वेळी तोंडातून काही निघत नाही. "हो, काकूंच्या गालावर वण आहे. जखम खोल असली की बरी झाल्यावरही तिची खूण राहते." एवढंच. आवाज त्याच्याशी नेहमी बोलतो तोच. कुजबुजायचं नाही, कारण कुजबुज समोरच्याला दिसते, आणि मुलालाही कळतं की इथे काहीतरी लाजिरवाणं आहे. त्याने "कसं झालं?" म्हटलं तर "मला माहीत नाही" हे खरं उत्तर आहे आणि ते पुरतं. भाजलं असेल, ॲसिड असेल, अपघात असेल, जन्मतःच असेल, आपण अंदाज करायचा नाही. आपल्याकडे बाईच्या चेहऱ्यावरच्या भाजल्याच्या खुणेमागे स्टोव्हचा भडकाही असू शकतो आणि उच्चारता येणार नाही असं घरातलं काहीतरीही असू शकतं. ते मेट्रोच्या बाकावर चाळीस लोकांसमोर उकलायला लावायचा हक्क आपल्याला नाही, आपल्या गोड मुलालाही नाही.

"आणि त्या बाईंना काय म्हणायचं?" तिने विचारलं. ती पुनःपुन्हा इथेच येत होती. मी म्हटलं, त्यांच्याकडे बघायचं. चेहऱ्याकडे, नेहमीसारखं, ओळखीचं हसल्यासारखं. बहुतेक वेळा एवढंच पुरतं. "सॉरी हं, लहान आहे, कळत नाही त्याला" असं हात जोडून म्हटलं की सगळा डबा पुन्हा त्यांच्याकडे बघतो, आणि "काही हरकत नाही" म्हणून तुमची समजूत काढायचं काम त्यांच्यावर येतं. मुलाला "सॉरी म्हण" असा दम द्यायचीही गरज नाही. त्याने "वितळलंय" म्हटलं, तर तुम्ही तोच शब्द बदलून "वण" म्हटलं की दुरुस्ती झाली. तो "भूत" किंवा "ई, घाण" म्हणाला असता, तर मात्र तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं: "असं म्हणायचं नाही, त्यांना वाईट वाटतं. त्याला वण म्हणतात." त्या वेळी बाईंकडे बघून एकदा "माफ करा" म्हणणं योग्य. मुलाच्या वतीने आपण म्हणायचं आणि तिथेच संपवायचं.

हे मी पुस्तकातून सांगत नव्हते. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईचा चेहरा आणि दोन्ही हात भाजलेले होते. वर्षाच्या सुरुवातीला मी त्यांनाच विचारलं होतं, मुलं विचारतील, तर तुम्हाला काय बरं वाटेल? त्या म्हणाल्या, "मुलं विचारतात ते मला लागत नाही, ती विचारून खेळायला जातात. आया त्यांना ओढून लांब नेतात ना, ते घरी गेल्यावरही आठवतं." पण हेही सांगितलं, की दर दिवस सारखा नसतो. एखाद्या दिवशी बँकेत रांगेत उभं असताना कुणाच्याही प्रश्नाचं उत्तर द्यायची ताकद नसते, आणि तेव्हा एखादी उत्साही आई पोराला पुढे ढकलून "विचार ना मावशींना, सांगतील त्या" म्हणते. तेही नको. बाईंनी आपण होऊन मुलाला काही सांगितलं तर ऐकू द्यावं, मध्ये पडू नये. नाही सांगितलं तर त्यांना प्रवास करू द्यावा.

भाजलेल्या वणाविषयीही त्या मुलीच्या आईकडून मी बरंच शिकले, आणि छोटूच्या प्रश्नांना ते उपयोगी पडलं. कातडीचा वरचा पदर भाजला तर तो पुन्हा येतो आणि खूण राहत नाही. आतला पदर जळाला की शरीर ती जागा वेगळ्या, घट्ट धाग्यांनी भरून काढतं. म्हणून ती कातडी ताठ आणि चकाकती दिसते, तिथे केस येत नाहीत, घाम येत नाही. सुरुवातीला वण लाल आणि जाड असतो, खूप खाजतो. तो निवळायला वर्ष-दोन वर्षं जातात. बरा होताना तो आकसतो, म्हणून कधी ओठ ओढला जातो, कधी मान वळत नाही, आणि मग शस्त्रक्रियेने ती ओढ सोडवावी लागते. वण दबून राहावा म्हणून दाबाचे घट्ट कपडे दिवसाचे तेवीस तास, काही महिने ते वर्ष-दोन वर्षं घालतात. चेहऱ्यासाठी असतो तो मुखवट्यासारखा. मुलांना वणापेक्षा त्याचीच भीती जास्त वाटते. तेव्हा "ते औषधासारखं आहे, कातडी सपाट राहावी म्हणून घालतात" असं सांगावं. "दुखतंय का?" याचं खरं उत्तर: ताज्या जखमेसारखं दुखत नाही, पण ओढल्यासारखं होतं, उन्हात त्रास होतो. "अजिबात दुखत नाही" म्हणून मोकळं होऊ नये. पण ही सगळी माहिती मेट्रोत द्यायची नाही. डब्यात दोन वाक्यं, बाकीचं घरी, त्याने पुन्हा विचारलं तर.

छोटूच्या बाबतीत आता घरचंच काम बाकी होतं, आणि ते नुसत्या माहितीने होणारं नव्हतं. आधी आईला आपले शब्द परत घ्यायचे होते. तिला ते जड गेलं. "मी खोटं बोलले असं त्याला कसं सांगू? मग तो माझं काय ऐकेल?" मी म्हटलं, तो तुमचं इतकं ऐकतोय की पू झालेला गुडघा तुमच्यापासून लपवतोय. दुसरी अडचण खरीच होती: गॅसपासून लांब राहायला तर हवंच. मग गॅसबद्दल वेगळं सांगा, कारणासकट: गॅस गरम असतो, हात लावला तर ऐकणाऱ्या मुलाचाही भाजतो, न ऐकणाऱ्याचाही. विस्तवाला कोण चांगलं, कोण वाईट ते कळत नाही. ही भीती नेमकी आहे, गॅसपुरती आहे. समोरच्या बाईंचा चेहरा त्यासाठी वापरायची गरज नाही.

त्या रात्री गुडघ्याला मलम लावताना तिने त्याला सांगितलं, "मेट्रोतल्या काकूंबद्दल मी चुकीचं सांगितलं. त्यांनी काही केलं नव्हतं. बाप्पा कुणाला असं करत नाही. त्यांना कधीतरी लागलं आणि ते बरं झालं, त्याची खूण आहे." छोटू म्हणाला, "मग माझं?" तिने गुडघाच दाखवला. ही खपली, तिच्याखाली नवीन कातडी येतेय. तू पार्किंगमध्ये पळालास, पाय घसरला, म्हणून लागलं. "चेहऱ्यावर येणार?" नाही. गुडघ्याचं गुडघ्यावरच राहतं. हे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा मी ते "चेहऱ्यावर येणार?" वहीत लिहून ठेवलं. संसर्गाची भीती मुलाच्या मनात अशी, स्वतःच्याच अंगावर चढत जाणारीही असू शकते हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

एकदा सांगून ते संपलं नाही. पुढच्या दहा-बारा दिवसांत त्याने तोच प्रश्न निदान पाच वेळा विचारला, बहुतेकदा झोपताना. आईला वाटलं, पटलेलं नाही. पण लहान मूल तोच प्रश्न उत्तर बदलतंय का ते बघायलाही विचारतं. प्रत्येक वेळी तेच, तेवढंच सांगायचं. सातव्या-आठव्या दिवशी त्याने खपली काढली आणि आईला स्वतःहून गुलाबी कातडी दाखवायला आला. माझ्या दृष्टीने ते चिन्ह "मला कळलं" म्हणण्यापेक्षा भरवशाचं. मुलाला काय समजलं हे "कळलं ना?" विचारून कधीच कळत नाही, मान ते डोलावतंच. वर्गात मी बाहुलीच्या हातावर खडूने पांढरे ठिपके काढले आणि विचारलं, हिला असं कशाने झालं असेल? एका मुलीने "खडूने" म्हटलं, ते बरोबरच होतं. छोटू म्हणाला, "रंग गेला. तिने काही नाही केलं."

मोठ्याने बोलणं मात्र गेलेलं नाही, आणि चौथ्या वर्षी ते जाईल अशी अपेक्षाही मी धरत नाही. त्याला एवढंच शिकवतोय, की बोट दाखवायचं नाही, माणसाबद्दल विचारायचं असेल तर आईचा हात दाबायचा. दोनदा दाबला, तिसऱ्यांदा विसरला. गेल्या रविवारी संभाजी उद्यानात व्हीलचेअरवरच्या एका आजोबांना बघून तो ओरडला, "एवढे मोठे असून बाबागाडीत!" आई म्हणाली, "ती व्हीलचेअर आहे. काहींचे पाय चालत नाहीत, काही लवकर थकतात, मग ते चाकांवर जातात." आजोबा हसले आणि पुढे गेले. छोटू चाकाला हात लावायला धावला, तेव्हा तिने अडवलं: विचारल्याशिवाय नाही, ते त्यांच्या पायांसारखं आहे. व्हीलचेअरच्या बाबतीत तोंडापेक्षा हातच जास्त सांभाळावे लागतात.

तिने मला विचारलं, वर्गात मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगाल का? १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलेला माणूस आपल्या पुणे परिसरातला. सांगते, पण पोहण्याची गोष्ट म्हणून, वेगळ्या दिवशी. त्या उद्यानातल्या आजोबांना जोडून नाही सांगणार. नाहीतर मुलं दिसेल त्या व्हीलचेअरवाल्याला पदकाचं विचारतात. आजोबा बागेत हवा खायला आले होते.

मावशींशी मी छोटूच्या देखत बोलले नाही, आधी एकट्याच असताना सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, लपवलं नाही त्यांनी. "वर्षभर माझ्या हातचं खाल्लं की याने," म्हणाल्या. पुढे काय करायचं ते त्यांनीच ठरवलं: काहीच करायचं नाही, मागे लागायचं नाही. डबा खायच्या वेळी त्या नेहमीच्या जागी बसत राहिल्या. नवव्या दिवशी छोटू डबा घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. बोटांकडे बघत त्याने विचारलं, "तुमचा रंग परत येणार?"

"हातांवरचा लवकर येत नाही रे," मावशी म्हणाल्या. "आण इकडे. काय दिलंय आईने?"